मुलाचं पहिलं क्रिकेट किट: मामाने पाच नंबरची बॅट आणलीय, आता पुढे काय?

रिमझिम

मुलगा नऊ वर्षांचा, उंची चार फूट चार इंच, म्हणजे १३२ सेंटीमीटर. आजवर प्लास्टिकच्या बॅटने खेळला. आता पुढच्या महिन्यापासून क्रिकेटच्या शिबिरात जाणार आहे. त्यांच्या निरोपात एवढंच लिहिलंय की ‘किट घेऊन यावे’.

माझ्या भावाने उत्साहाच्या भरात पाच नंबरची बॅट आणून दिलीय. म्हणे, “मुलं झपाट्याने वाढतात, दोन वर्षं तरी बघायला नको.” मोठ्या चुलतभावाचं हेल्मेटही मिळालंय, मागची चकती फिरवली की डोक्यावर घट्ट बसतं. पॅड, ग्लोव्ह्ज आणि बाकीचं अजून घ्यायचंय. मी स्वतः आयुष्यात बॅट हातात धरलेली नाही. कशापासून सुरुवात करू आणि काय बघून घेऊ? बॅट बदलून आणली तर भाऊ रुसेल, तेही लक्षात घ्या.

निवांत

पहिलं किट म्हणून मी सांगेन: क्रेप बँडेज, कापूस, जंतुनाशक, चिकटपट्टी आणि थंड शेकासाठी जेलची पिशवी. पिशवी आधी गारठवून ठेवायला विसरू नका.

चौकारवाला

निवांतराव, प्रथमोपचाराचं किट नाही हो, क्रिकेटचं किट!

रिमझिम, बॅट बदलू नका. मोठी बॅट हातात असली की मुलाच्या मनगटात ताकद येते. सचिन तेंडुलकरसुद्धा लहानपणी मोठ्या भावाची फुल साईझ बॅट घेऊन खेळायचा. फारच लांब वाटली तर सुताराकडून हँडल वरून दोन इंच कापून घ्या. आम्ही लहानपणी असंच करायचो. हेल्मेट आहेच, प्रश्न मिटला.

तिसरी_स्लिप

मी बरीच वर्षं लहान मुलांना शिकवतो. रिमझिमताई, बॅटच्या आधी एक प्रश्न विचारायचा राहिलाय: शिबिरात चेंडू कोणता? आधी तेवढं विचारून या. ‘किट’ या एका शब्दात काय काय येतं ते चेंडूवर ठरतं.

टेनिसचा साधा चेंडू साठेक ग्रॅमच्या आत असतो, अंगावर आदळला तरी फार तर लाल वळ उठतो. त्याला बॅट आणि बूट पुरतात. सिंथेटिक चेंडूला शिवण असते, उसळीही बरीचशी सीझन बॉलसारखी, पण आतून तो मऊ असतो. नवख्यांना बहुतेक ठिकाणी यावरच सुरुवात करून देतात. तो बोटावर बसला तर चांगलाच झोंबतो, म्हणून ग्लोव्ह्ज आणि पॅड हवेतच, आणि हेल्मेटची सवयही याच चेंडूवर लावलेली बरी. खरा सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा, आला की हेल्मेट, ग्लोव्ह्ज, पॅड आणि जांघेचा गार्ड यांतलं एकही टाळता येत नाही.

सीझन बॉलमध्येही दोन प्रकार बघा. मोठ्यांचा पुरुषांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी नियमात वेगळा चेंडू आहे, १३३ ते १४४ ग्रॅमचा, आणि तो घेरानेही लहान असतो. घरी सरावासाठी घ्याल तेव्हा चेंडूवर छापलेलं वजन वाचा. नऊ वर्षांच्या पोराच्या हातात मोठ्यांचा चेंडू दिला की तो तळव्यात मावत नाही. बोटं शिवणीवर नीट बसत नाहीत, मग पोरगं चेंडू टाकायच्या ऐवजी भिरकावायला लागतं.

सचिनचं आणि हँडल कापायचं उत्तर रात्री देतो, सवडीने लिहायचंय.

डावखुरीची_आई

माझा अनुभव सांगते. मुलगी लिहिते उजव्या हाताने, जेवते उजव्या हाताने. म्हणून मी काही विचार न करता उजव्या हाताचे ग्लोव्ह्ज आणले. बॅटिंगला मात्र ती डाव्या बाजूने उभी राहते! दुकानात कोणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. तिसऱ्याच दिवशी चेंडू डाव्या अंगठ्यावर बसला आणि नख काळंनिळं झालं. मला वाटायचं दोन्ही ग्लोव्ह्ज सारखेच असतात.

तिसरी_स्लिप

ताई, हे पुष्कळांच्या बाबतीत होतं. बॅट धरताना खाली असणाऱ्या हाताचा अंगठा गोलंदाजाकडे उघडा पडतो, म्हणून त्या अंगठ्याला बाजूने जास्तीचं कवच दिलेलं असतं. उजव्या फलंदाजाच्या जोडीत ते कवच उजव्या अंगठ्याला असतं आणि तुमच्या मुलीचा खालचा हात डावा. म्हणजे कवच भलत्याच हाताला गेलं. लिहितो कुठल्या हाताने ते विचारायचंच नाही. हातात झाडू किंवा काठी द्यायची आणि “मार” म्हणायचं. पोरगं ज्या बाजूने उभं राहील ती खरी बाजू.

आता बॅट. चौकारवाला, तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. सचिनने भावाची मोठी बॅट वापरली हे खरंच. पण त्याचा परिणाम काय झाला तेही सांगा ना. ती जड बॅट उचलायची तर हात हँडलच्या अगदी खाली धरावे लागायचे, आणि ती पकड त्याला आयुष्यभर चिकटली. पुढे बदलून बघितली, तरी सवयीचंच बरं वाटलं. त्याने त्या पकडीवर डोंगराएवढ्या धावा केल्या. माझ्याकडे तशी पकड घेऊन येणारी पोरं मात्र चेंडू ऑफला असो की सरळ, सगळं लेगला ओढतात. खालच्या हाताचा जोर वाढतो, वरचा हात नुसता पाहुणा होतो. सरळ बॅटचा ड्राइव्ह मग बसतच नाही.

हँडल कापलं तर लांबी कमी होते, वजन मात्र जवळजवळ तेवढंच राहतं, कारण जड भाग पात्यात असतो. उलट वरचा तोल गेल्यामुळे बॅट खाली जास्तच ओढते. दुखणं होतं वजनाचं आणि तुम्ही औषध दिलं लांबीवर.

ताई, आता तुमच्याच मुलाचा हिशोब करू. उंचीच्या तक्त्यात दोन नंबर साधारण ४ फूट ३ इंचांपासून ४ फूट ६ इंचांपर्यंत चालतो. तीन नंबर तिथून ४ फूट ९ इंचांपर्यंत. पाच नंबर सुरू होतो ४ फूट ११ इंचांना, म्हणजे १५० सेंटीमीटरला. वेगवेगळ्या कंपन्यांचे तक्ते एखाद-दोन इंच मागेपुढे असतात, तरी अंदाज हाच. तुमचा मुलगा १३२. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे १८ सेंटीमीटर वाढायला तीन वर्षं. मामा म्हणतात ती बॅट दोन वर्षं पुरेल, पण हिशोबाने ती त्याला बसायलाच तीन वर्षं लागतील.

घरी एवढं करून बघा. मुलाला बूट घालून सरळ उभा करा आणि बॅट पायाला लावून उभी धरा. हँडलचं टोक मांडीच्या वरच्या टोकाशी, जांघेच्या आसपास यायला हवं. कमरेच्या वर गेलं तर बॅट लांब. मग उजवा फलंदाज असेल तर फक्त डाव्या हातात बॅट द्या. मागे उचलून सरळ पुढे, सावकाश, दहा वेळा. तुम्ही समोरून बघा. कोपर पडतंय का, बॅटचं टोक सरळ मागे न जाता स्लिपच्या दिशेने वळतंय का, दुसरा हात मदतीला येतोय का. यातलं एक जरी पाचव्या-सहाव्या वेळेआधी दिसलं, तरी बॅट जड आहे.

रिमझिम

केलं! स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बॅट तिरकी ठेवून मोजली: १०७० ग्रॅम. हँडल बेंबीच्या थोडं खाली येतंय. एका हाताने तिसऱ्याच वेळी त्याने दुसरा हात लावला आणि वर मलाच म्हणतो, “तू बघत होतीस म्हणून झालं.” दोन्ही हातांनी मारायला सांगितलं तर हँडलचं टोक पोटात टोचतं, म्हणून अंग वाकडं करतो.

शिबिरातल्या सरांनाही विचारलं. पहिले तीन महिने सिंथेटिक, नंतर लहान मुलांचा सीझन बॉल.

चौकारवाला

बरं, पाच नंबर जास्त झाला, मान्य. पण मग चार घ्या. नाहीतर दर वर्षी बॅट घेत बसाल.

तिसरी_स्लिप

चार नंबर ४ फूट ९ च्या पुढचा, तोही त्याला अजून दोन वर्षं लांब आहे. तक्त्यातली एकेक पायरी साधारण तीन इंचांची असते. एक पायरी वर घेतली तर चालवून घेता येतं. दोन घेतल्या की मूल बॅटच्या सोयीने खेळायला शिकतं.

मी म्हणेन, दोन आणि तीन दोन्ही हातात देऊन बघा, आणि दुकानात वजनकाटा मागा. नंबर एकच असला तरी दोन बॅटींत शंभर ग्रॅमचा फरक सहज निघतो. मोठ्या नंबरची हलकी बॅट कधी कधी लहान नंबरच्या जड बॅटीपेक्षा बरी पडते. आणखी एक, हँडलवर दोन-दोन रबरी ग्रिप चढवलेल्या असतील तर एक काढायला लावा. लहान तळव्याला जाड हँडल म्हणजे नुसता ताण.

सुतारपक्षी

बॅटी दुरुस्त करणं हा माझा उद्योग, म्हणून लाकडाबद्दल थोडं. लहान मुलांसाठी दोन प्रकार समोर येतील, काश्मीर विलो आणि इंग्लिश विलो. काश्मीर विलो जास्त कठीण आणि बहुधा जड. इंग्लिश विलो मऊ, चेंडू छान उडतो, पण नाजूक. पहिल्या बॅटीला काश्मीर विलो पुरे, कारण पोरगं ती वर्षभरात सोडणारच आहे. फक्त काश्मीर विलोत वजन जास्त डोळसपणे बघा. दुकानदार “दणकट आहे” म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ ‘जड आहे’ एवढाच असतो.

सीझन बॉलवर जाण्याआधी बॅट ठोकून तयार करावी लागते. हे पालक करत नाहीत आणि मग दोन आठवड्यांत कडेचा टवका घेऊन माझ्याकडे येतात. जवसाचं कच्चं तेल चमचाभर घ्या. फडक्याने पात्याच्या पुढच्या भागावर, कडांवर आणि टोकावर पातळ हात फिरवा. हँडलला नको, आणि हँडल पात्यात जिथे शिरतं तिथेही नको, तिथला डिंक सुटतो. रात्रभर आडवी ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, मग बास. जास्त तेलाने बॅट जड होते. पात्यावर पारदर्शक फिल्म चिकटवलेली असेल तर तिथे तेल मुरणार नाही, उघड्या लाकडालाच लावा.

मग लाकडी हातोडी घेऊन हळूहळू ठोकायचं, आधी हलक्या हाताने, मग जोर वाढवत. कडा उभ्या ठोकायच्या नाहीत, तिरक्या ठोकून गोलसर करायच्या. हे एका बैठकीत होत नाही, रोज थोडं थोडं मिळून काही तास लागतात. शेवटी जुना सीझन बॉल हलकेच मारून बघा. पात्यावर शिवणीचे खोल वण उठले तर अजून ठोका. तुमच्याकडे सिंथेटिकचे तीन महिने आहेत, तेवढ्यात सावकाश होईल.

डावखुरीची_आई

हे ठोकण्याचं काम पहाटे करू नका. आमच्याकडे वरच्या मजल्यावरून विचारणा झाली होती.

तिसरी_स्लिप

आता हेल्मेट. मला खरी काळजी त्याचीच आहे. रिमझिमताई, चुलतभाऊ केवढा?

रिमझिम

एकोणीस वर्षांचा. हेल्मेट चांगलं आहे हो, फारसं वापरलेलंही नाही. एकदाच चेंडू लागला होता म्हणे, पण पोचा वगैरे काही दिसत नाही.

तिसरी_स्लिप

तेच ऐकायचं नव्हतं. दोन वेगळ्या अडचणी आहेत.

पहिली, चेंडू लागलेलं हेल्मेट. जोराचा फटका बसला की आतलं अस्तर दबून तो धक्का पितं, ते कामच त्याचं. बाहेरून तडा नसला तरी आतलं अस्तर पुन्हा तेवढंच काम देईल याचा भरवसा नाही. चेंडू किती जोरात लागला होता हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून मी ते धरत नाही.

दुसरी अडचण जास्त लपलेली आहे. लहान मुलांचा चेंडू घेराने लहान असतो हे वर लिहिलंय. मोठ्यांचं हेल्मेट मोठ्यांच्या चेंडूवर तपासलेलं असेल, तर हेल्मेटची टोपी आणि जाळी यांच्यामधल्या फटीतून मोठा चेंडू जाणार नाही, लहान जाऊ शकतो. हेल्मेटच्या आत लेबल असतं, त्यावर ‘बीएस ७९२८:२०१३’ असं ब्रिटिश मानकाचं नाव आणि कोणत्या चेंडूवर तपासलंय ते लिहिलेलं असतं. तिथे लहान मुलांचा चेंडू किंवा दोन्ही चेंडू लिहिलेले हवेत.

घरी लहान चेंडू घेऊन फटीत हाताने दाबून बघा. गेला तर हेल्मेट बाद. नाही गेला म्हणून मात्र पास समजू नका. वेगाने आलेला चेंडू जाळी वाकवतो आणि फट क्षणभर मोठी होते. तुमच्या हाताच्या दाबाने ते कळत नाही, म्हणून लेबलच बघायचं.

रिमझिम

आत्ता बघितलं. लेबलवर फक्त मोठ्यांचा चेंडू लिहिलाय. आणि सिंथेटिक चेंडू फटीत ढकलला तर सरळ आत गेला. पाहून पोटात गोळाच आला.

तिसरी_स्लिप

सिंथेटिक मऊ असतो, दबतो, त्यामुळे त्यावरून सीझन बॉलचा निकाल लावू नका. पण लेबलने निकाल दिलाच आहे.

नवीन घेताना भुवयांच्या थोडं वर टेपने डोक्याचा घेर मोजून जा. टोपीची कड भुवयांच्या जरा वर, आडवी राहिली पाहिजे. डोकं मागे टाकून हेल्मेट घातलं की पोरांना बरं दिसतं, पण कपाळ उघडं पडतं. हनुवटीचा पट्टा लावून मान जोरात हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, मागून आलं तर सैल. मागची चकती शेवटपर्यंत आवळूनच बसत असेल तर कवच मुळात मोठं आहे. आणि नवीन असो वा जुनं, जाळीचे स्क्रू सैल करून फट मोठी करायची नाही. “नीट दिसत नाही” म्हणून पोरं स्वतःच ते करतात, अधूनमधून तपासा.

मानेमागचं जास्तीचं कवच वेगळं मिळतं. २०१४ मध्ये फिलिप ह्यूजला चेंडू मानेवर लागला, त्यानंतर त्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. त्याच कंपनीच्या त्या हेल्मेटला बसेल असंच घ्या.

चौकारवाला

नऊ वर्षांच्या मुलाला ताशी किती वेगाने चेंडू येतो हो? इतकं सगळं चढवलं तर पोरगं पळणार कसं? थाय पॅड, आर्म गार्डही सांगाल आता.

तिसरी_स्लिप

चौकारवाला, थाय पॅड आणि आर्म गार्डबद्दल तुमच्या बाजूचा आहे. या वयात मी पहिल्या दिवशी ते मागत नाही. माझ्याबरोबर शिकवणारे दुसरे सर मागतात, आमचं यावर पटत नाही. गार्ड मात्र मुलाला सिंथेटिकपासूनच, आणि त्याला घट्ट बसणारी चड्डी. नाहीतर गार्ड पळताना इकडेतिकडे होतो आणि पोरगं सारखं तेच सावरत बसतं.

हेल्मेटला वेग बघायचा नाही. नऊ वर्षांची मुलं हळू टाकतात, पण चेंडू कुठे पडेल ते त्यांचं त्यांनाही माहीत नसतं. आणि पुष्कळदा चेंडू गोलंदाजाकडून येतच नाही, स्वीप मारताना बॅटच्या वरच्या कडेला लागून तोंडावर येतो.

पळण्याचा मुद्दा पॅडना लागू आहे. पॅडमध्ये गुडघ्यासाठी आडव्या गाद्या असतात, त्यातली मधली गादी गुडघ्याच्या वाटीसमोर यायला हवी. मोठे पॅड घेतले की ती मांडीवर जाते, वरचा भाग मांड्यांमध्ये अडतो आणि पाय पुढे टाकायचा असेल तेव्हा मूल अर्धंच पाऊल टाकतं. दुकानातच दोन्ही पॅड बांधा, दहा पावलं पळवा आणि एकदा उकिडवं बसवा. पट्ट्याचं उरलेलं टोक बाहेरच्या बाजूला ठेवा, आत राहिलं तर एका पॅडचा पट्टा दुसऱ्यात अडकतो.

निवांत

माफ करा, मी धागा पहिल्यांदा नीट वाचला नव्हता. पण जेलची पिशवी किटबॅगेत असू द्याच. नख काळं पडतं तेव्हा तीच लागते.

डावखुरीची_आई

ग्लोव्ह्जचं माप राहिलं ना? आम्ही मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजून नेलं होतं. बोटांच्या टोकाला थोडीच जागा राहिली पाहिजे. जास्त राहिली तर बॅटीभोवती मूठ मिटत नाही. त्या वेळी माप बरोबर आलं होतं, फक्त हात चुकला.

रिमझिम

खरेदी झाली, म्हणून कळवते. दुकानात वजनकाटा मागितला तर आधी हसले, मग आणून दिला. दोन नंबरची ८१० ग्रॅम भरली. तीन नंबरच्या दोन बघितल्या, एक ९८० आणि दुसरी ८७०. ९८० वाली सहाव्या वेळी वळायला लागली. ८७० वाली त्याने दहा वेळा सरळ नेली, शेवटच्या दोनदा दात-ओठ खाऊन. हँडल जांघेच्या बोटभर वर येतं. तीच घेतली, काश्मीर विलो, एक ग्रिप काढून. हेल्मेट लहान मुलांच्या चेंडूचं लेबल असलेलं. पॅड, ग्लोव्ह्ज आणि गार्ड तुम्ही सांगितल्याप्रमाणे बघूनच.

भावाला सांगितलं की पाच नंबर तीन वर्षांनी त्याच्या हातात पडेल. तो म्हणाला, “मग तोवर मी खेळतो.” त्याची उंची पाच फूट नऊ इंच आहे.

तिसरी_स्लिप

८७० ठीक आहे. पण एक खटकतंय, दात-ओठ खाल्ले म्हणालात. दुकानात दहा फटके आणि नेटमध्ये पंधरा मिनिटं यांत फरक पडतो. पहिल्या आठवड्यात शेवटच्या पाच मिनिटांना जाऊन बघा. हात हँडलवर खाली सरकलेले दिसले तर दोन नंबरच बरी होती.

चौकारवाला

वर्षभरात तो तीन नंबरच्या उंचीला येईलच की! थोडी कळ काढेल.

रिमझिम

परवा जाऊन बघितलं. सुरुवातीला वर धरतो, शेवटी हात खाली आलेले असतात. सरांना विचारलं तर म्हणाले, “राहू द्या, नवीन आहे, होईल सवय.” आता बदलू का थांबू?

तिसरी_स्लिप

किती खाली?

रिमझिम

दोन बोटं.

सुतारपक्षी

बदलायची असेल तर ठोकण्याआधी बदला. तेल लावलेली बॅट दुकानदार परत घेणार नाही.